एक गल्ली, दोन मालक: घोषित झोपडपट्टीच्या हद्दीवरच्या घरांनी काय करायचं?

गल्ली_नंबर_तीन

नमस्कार. मुंबईच्या पूर्व उपनगरात, एका मोठ्या नाल्याच्या काठावर आमची गल्ली आहे. एकूण ६२ घरं. माझे सासरे इथे १९७० च्या आधीपासून राहत होते. १९७६ च्या गणनेत त्यांचं नाव आहे, त्यांच्या नावाचा फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचं ओळखपत्र, आजही घरात लोखंडी पेटीत आहे.

गेल्या वर्षी झोपडपट्टी पुनर्वसनाची, म्हणजे झोपुची योजना आली. विकासकाची माणसं टेप घेऊन फिरली, घरांवर रंगाने नंबर टाकले. आमच्या गल्लीत ४१ व्या घरापर्यंत नंबर टाकले आणि थांबले. पुढची नाल्याकडची २१ घरं वगळली, त्यात आमचं घर ५३ वं. विचारलं तर म्हणाले, "तुमची बाजू केंद्र सरकारच्या एका खात्याची आहे, आमच्या योजनेत नाही."

तोवर आम्हाला हे माहीतच नव्हतं. दोन्ही बाजूंची भिंत एकच, गटार एकच, मतदारयादीचा भाग एकच. त्यानंतर दोन महिन्यांत दोन गोष्टी घडल्या. नाल्याकडच्या पाच घरांनी मिळून पाण्याच्या गट जोडणीसाठी अर्ज केला होता, तो जमीनमालकाची ना-हरकत नाही म्हणून परत आला. आणि मागच्या आठवड्यात २१ घरांच्या दारांवर नोटिसा चिकटवल्या आहेत.

वकील करायला सगळे मिळून पैसे काढतोय. पण आधी नेमकं कशाच्या मागे लागायचं तेच कळत नाही. योजनेच्या पात्रता यादीत, म्हणजे परिशिष्ट-२ मध्ये नाव नाही म्हणून अपील करायचं, पाण्याचं बघायचं, की नोटिशीचं?

---

दत्ता_साळुंखे_चेंबूर

ताई, घाबरू नका. १९७६ चा फोटोपास म्हणजे सोन्याचा कागद. झोपडपट्टी अधिनियमात कलम ३-झेड आहे, संरक्षित झोपडीधारकाला कोणीही हात लावू शकत नाही. नोटीस फाडून टाका. अपात्रतेविरुद्ध अपील करा, परिशिष्टात नाव येईलच.

---

नोटरी_नको

माझा थोडा वेगळा प्रश्न. मला अशाच वस्तीत फोटोपासचं घर विकत मिळतंय, कागद नोटरी करून देतो म्हणतात. पुढे योजना आली तर घर माझ्या नावावर येईल ना?

---

जुना_सर्व्हेअर

मी सक्षम प्राधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि त्याआधी भूमी अभिलेखमध्ये मिळून तीसेक वर्षं काम केलंय. सविस्तर लिहितो.

नोटरी_नको, तुमचा विषय वेगळा आहे, स्वतंत्र धागा काढा. एवढंच सांगतो की नोटरीच्या कागदाने झोपडीचा हक्क तुमच्याकडे येत नाही. पैसे देऊ नका.

ताई, सगळ्यात आधी नोटीस. साळुंखे साहेब, ती फाडायची नाही. तुम्ही सांगितलेलं कलम खरं आहे, पण अर्धंच. त्यातही सार्वजनिक हितासाठी, पुनर्वसन करून घर हलवण्याची मुभा राज्याला आहेच. आणि तो राज्याचा १९७१ चा कायदा आहे. केंद्राची खाती त्यांच्या जमिनीसाठी १९७१ चाच, पण दुसरा कायदा वापरतात, सार्वजनिक जागांवरील अनधिकृत भोगवटादारांना काढण्याचा. त्यात त्यांचाच इस्टेट ऑफिसर सुनावणी घेतो. कलम ४ ची नोटीस म्हणजे 'कारणे दाखवा', कलम ५ चा आदेश म्हणजे 'जागा सोडा'. आदेशावर अपील जिल्हा न्यायाधीशांकडे, मुंबईत शहर दिवाणी न्यायालयात, आणि त्याची मुदत फक्त १२ दिवस. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक वस्त्या इथेच हरल्या. फोटोपास आहे म्हणून लोक निवांत बसतात आणि वकिलाकडे जातात तेव्हा पंधरावा दिवस असतो. तुमची नोटीस कोणत्या कलमाची आहे ते आजच वाचून इथे लिहा.

दुसरं. तुम्ही 'अपात्र' नाही आहात. अपात्र म्हणजे योजनेच्या हद्दीत घर आहे, परिशिष्ट-२ मध्ये नाव तपासलं आणि पुरावा कमी पडला. त्यावर अपील असतं. तुमचं घर तपासलंच नाही, कारण योजनेची हद्द तुमच्या आधी संपवली. तुम्ही पात्रतेचं अपील केलंत तर 'सदर झोपडी योजनेच्या क्षेत्रात समाविष्ट नाही' या एका ओळीत ते निकाली निघेल आणि दरम्यान वर्ष गेलेलं असेल. तुमचं भांडण पुराव्याचं नाही, रेषेचं आहे. ही रेषा कोणी, कोणत्या नकाशावरून ओढली, तिथून सुरुवात करा.

---

गल्ली_नंबर_तीन

नोटीस वाचली. 'कलम ४ अन्वये कारणे दाखवा' असं आहे. सुनावणीला अजून सहा दिवस आहेत. काका, रेषा कुठून शोधायची?

---

जुना_सर्व्हेअर

सहा दिवस आहेत म्हणजे वेळेत आहात. प्रत्येक घराचं वेगळं लेखी उत्तर द्या, पोच घ्या. उत्तरात पुनर्वसनाची मागणी करा, पण त्याआधी एक वाक्य हवं: जमीन आपल्या खात्याची असल्याचा मोजणी नकाशा आम्हाला दाखवावा. हे लिहिलं नाही तर मालकी तुम्ही मान्य केली असं पुढे धरलं जातं.

आता रेषा. तीन कागद गोळा करा. पहिला, तुमच्या वस्तीच्या घोषणेचं राजपत्र. कलम ४ खाली घोषणा होते तेव्हा सोबत अनुसूची असते, त्यात नगर भूमापन क्रमांक आणि बहुतेक वेळा चतुःसीमाही असते. दुसरा, त्या क्रमांकांची मालमत्ता पत्रकं. तिसरा, नगर भूमापन कार्यालयातली त्या भागाची जुनी नकाशाशीट. वरचे दोन माहिती अधिकारात मिळतात, शीटसाठी नक्कल फी भरा.

आणि पेटीतला फोटोपास बाहेर काढून त्यावर शिक्का कोणाचा आहे ते बघा. फोटोपास कोणीही उठून देत नव्हतं. ज्या यंत्रणेची जमीन, तिच्याकडून तो मिळायचा. पालिकेच्या जमिनीवर पालिका, म्हाडाच्या जमिनीवर म्हाडा, सरकारी जमिनीवर जिल्हाधिकारी. म्हणजे तुमच्या सासऱ्यांचा पास हा राहण्याचा पुरावा आहेच, शिवाय त्या वेळी ती जमीन सरकार कोणाची समजत होतं, याचाही पुरावा आहे. माणसं तारीख बघतात, शिक्का कोणी बघत नाही.

---

नागपूरकर_मीना

आमच्याकडचा अनुभव सांगते. नागपुरात वस्त्यांची जमीन मुख्यतः तिघांची: सुधार प्रन्यास, महापालिका आणि नझूल म्हणजे सरकार. आमच्या वस्तीतून रस्ता जातो. रस्त्याच्या एका बाजूला मालकी पट्टे वाटले गेले, आमच्या बाजूला फाइल मोजणीसाठी थांबली. पट्टा नाही म्हणून पंतप्रधान आवासचं अनुदानही नाही. माणसं तीच, कागदपत्रंही तशीच. माझ्या नणंदेचं घर समोर आहे, तिचं पक्कं झालं आणि आमच्यावर अजून पत्रे आहेत. त्यामुळे मुंबईतच असं होतं असं नाही. तुम्ही सगळे पट्टे का मागत नाही? जमीन नावावर झाली की योजना नको, विकासक नको.

---

जुना_सर्व्हेअर

मीनाताई, नागपुरात वस्ती बैठी आहे आणि जमीन तुलनेने स्वस्त, त्यामुळे पट्टा देणं सरकारला परवडतं. मुंबईत सगळं गणित विक्रीच्या चटईक्षेत्रावर उभं आहे. विकासक ३०० चौरस फुटांचं घर फुकट देतो ते बाजारात विकायला मिळणाऱ्या बांधकामाच्या बदल्यात. त्यामुळे इथे पट्ट्याची मागणी कोणी ऐकत नाही. ती ऐकायला हवी होती असं मला व्यक्तिशः वाटतं, पण आत्ता या २१ घरांच्या हातात तो मार्ग नाही.

---

पाणी_हक्काचं

पाण्यावर लिहिते, मी या विषयावर वस्त्यांमध्ये काम करते. पाणी आणि मालकी वेगळी आहे हे मुंबई उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ ला सांगितलंय. पाणी हक्क समितीच्या जनहित याचिकेवरचा निकाल आहे. २००० नंतरच्या, बेकायदा म्हटल्या गेलेल्या झोपड्यांनाही पाणी नाकारता येणार नाही, कारण पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्यात म्हटलंय. तोपर्यंत पालिका १९९५ किंवा २००० च्या पुराव्यावर अडून बसायची.

पण न्यायालयाने धोरण करायला सांगितलं आणि धोरणात अटी आल्या. २०२२ मध्ये 'सर्वांसाठी पाणी' जाहीर झालं, तरी केंद्राच्या जमिनीवर ना-हरकतीपाशी गाडी अडते. खातं ना-हरकत देत नाही, कारण ती दिली की वस्ती मान्य केल्यासारखं होईल अशी त्यांना भीती असते. पालिका म्हणते आमची हरकत नाही, त्यांची आणा. दोघंही 'नाही' म्हणत नाहीत आणि पाणी येत नाही.

आमच्या एका वस्तीत बायका पहाटे साडेतीनला उठून नाल्यावरच्या पाइपवरून पलीकडच्या गल्लीत जायच्या. तिथल्या एका घराकडून ड्रम विकत घ्यायच्या, तोही त्या घराच्या मोटारीला दाब असेल तरच. जोडणी झाली ती गट जोडणी रस्त्याच्या पलीकडे, पालिकेच्या जमिनीवर मीटर बसवून. तिथून पुढे रहिवाशांनी स्वतःच्या खर्चाने नळी ओढली. मीटर पालिकेच्या हद्दीत असल्यामुळे ना-हरकतीचा प्रश्न आला नाही. तुमची ४१ व्या घरापर्यंतची बाजू कोणाची आहे? तिथे मीटर बसवायला जागा मिळेल का?

---

गल्ली_नंबर_तीन

जागा आहे, सार्वजनिक शौचालयाच्या भिंतीलगत. पण तिथे वेगळंच दुखणं आहे. शौचालय राज्याच्या एका मंडळाने आमदार निधीतून बांधलं, पालिकेकडे हस्तांतर कधी झालंच नाही. टाकी नाल्याच्या बाजूला आहे. भरली की पालिकेचा माणूस म्हणतो आमच्या नोंदीत नाही, मंडळ म्हणतं आम्ही फक्त बांधतो. शेवटी घरटी पैसे काढून खासगी गाडी बोलावतो. गेल्या पावसात टाकी तुंबून मैला ५० व्या घराच्या उंबऱ्यापर्यंत आला होता. तिथल्या बाळंतिणीला आम्ही रात्री उचलून माझ्या माळ्यावर आणलं.

---

दत्ता_साळुंखे_चेंबूर

काका, माझं चुकलं असेल, पण एक शंका. घोषणा झालेली नसेल तर योजना होऊच शकत नाही ना? मग या २१ घरांची बाजू घोषितच नसेल तर सगळंच संपलं.

---

जुना_सर्व्हेअर

नाही संपलं. योजनेच्या नियमात घोषित झोपडपट्टी चालते तशी गणना झालेलीही चालते, आणि पुनर्वसन क्षेत्र म्हणून नव्याने घोषित करायची सोयही आहे. १९७६ ची गणना इथे कामाला येते. खरी अडचण केंद्राच्या जमिनीची आहे. तिथे त्या खात्याच्या संमतीशिवाय योजना मंजूर होत नाही, आणि संमती वर्षानुवर्षं येत नाही.

केवढं अडतं ते धारावीत सगळ्यांनी पाहिलंय. रेल्वेची सुमारे ४५ एकर जमीन प्रकल्पात घ्यायचं ठरलं, तिच्यासाठी राज्याने ८०० कोटी रुपये दिले, आणि ही जमीन नंतर आली म्हणून २०२० मध्ये आधीची निविदाच रद्द झाली. राज्य आणि केंद्र दोघांची इच्छा असताना हे झालं. तुमच्या २१ घरांसाठी तेवढी इच्छा कोण दाखवणार? म्हणून मी म्हणतो की संमती मिळवायच्या मागे लागण्याआधी जमीन खरंच त्यांची आहे का ते बघा.

---

गल्ली_नंबर_तीन

तीन महिन्यांनी लिहितेय, माफ करा.

उत्तरं वेळेत दिली, २१ ची २१. सुनावणीत इस्टेट ऑफिसरने पुढची तारीख दिली आणि मोजणीचा नकाशा मागवतो म्हणाले. आदेश अजून झालेला नाही. पाण्याचं काम मात्र पाणी_हक्काचं ताईंनी सुचवल्यासारखं झालं. मीटर शौचालयाच्या भिंतीशी बसलं. पहिल्या दिवशी सासूबाई नळाखाली हात धरून बराच वेळ उभ्या होत्या.

फोटोपास पाहिला. शिक्का जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अतिक्रमण शाखेचा आहे! शेजारच्या चौघांकडेही तोच.

राजपत्रही मिळालं. खरे क्रमांक लिहीत नाही, समजायला सोपं म्हणून ४१० आणि ४१२ म्हणते. अनुसूचीत '४१०' पूर्ण आहे आणि पुढे '४१२ (भाग)' आहे. चतुःसीमेत पूर्वेला फक्त एक शब्द आहे: 'नाला'. आज आमच्या घरांच्या पश्चिमेला एक छोटं गटार आहे आणि पूर्वेला मोठा नाला. विकासकाच्या माणसाने गटारालाच नाला धरलं असावं असं मला वाटतंय. पण ४१२ चं मालमत्ता पत्रक केंद्राच्या नावावर आहे. आता काय समजायचं?

---

जुना_सर्व्हेअर

ताई, फार महत्त्वाचं सापडलंय तुम्हाला. सावकाश वाचा.

'(भाग)' हा शब्द त्या काळच्या घोषणांमध्ये सर्रास यायचा. पूर्ण क्रमांक न घेता त्यातली जेवढी जागा वस्तीखाली आहे तेवढीच घ्यायची, म्हणून. किती भाग, ते चतुःसीमेवरून ठरायचं. म्हणजे तुमच्या घोषणेची पूर्व हद्द त्या वर्षीचा नाला आहे, आजचा नव्हे. आणि मुंबईतले नाले जागेवर राहिलेले नाहीत. २००५ च्या पुरानंतर कित्येक नाले रुंद केले, सरळ केले, काठाला भिंती घातल्या. माझ्या नोकरीत एका वस्तीत आजचा नाला हद्द समजून १४ घरं बाहेर काढली होती. जुनी शीट आणून मोजणी केली तेव्हा त्यातली ९ घरं आत आली, कारण नाल्याचं वळण कापून तो सरळ केला होता. उरलेली ५ खरोखरच बाहेर होती. तेही तेवढंच खरं, म्हणून आधीच आनंद करू नका.

तुमच्या गल्लीत दोन शक्यता आहेत. जुन्या शीटवर नाला आजच्या गटाराच्या जागी दिसला तर विकासकाची रेषा बरोबर. तो तुमच्या घरांच्या पूर्वेला दिसला तर २१ घरं घोषित क्षेत्रात आहेत आणि तुम्हाला न तपासता वगळलं ही चूक. तेव्हा झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे, म्हणजे झोपुप्राकडे, योजनेच्या हद्दीवर हरकत घ्यायची.

मालकी मात्र वेगळी गोष्ट. घोषित क्षेत्रात असूनही जमीन केंद्राची असू शकते. पण मग प्रश्न उरतो की जिल्हाधिकाऱ्यांच्या शाखेने पास कसा दिला. पत्रकावर केंद्राचं नाव कोणत्या फेरफाराने आणि कधी आलं ते बघा. पास आधीचा आणि फेरफार नंतरचा असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम होते.

मोजणीचा अर्ज तुम्हाला स्वतः करता येणार नाही, तो जमिनीचा धारक किंवा प्राधिकारी करतो. म्हणून सक्षम प्राधिकाऱ्याला निवेदन द्या की केंद्राचं खातं, जिल्हाधिकारी आणि झोपुप्रा यांच्या उपस्थितीत संयुक्त मोजणी व्हावी. मोजणीच्या दिवशी गल्लीतली किमान चार माणसं हजर राहा, जुनी शीट हातात ठेवा. भूकरमापक ज्या खुणेवरून सुरुवात करतो तिथे उभे राहा आणि कोणती खूण धरली ते लिहून घ्या. नंतर मोजणी नकाशाची 'क' प्रत मागा. सुरुवातीची खूण चुकली की सगळी गल्ली सरकते.

---

पाणी_हक्काचं

काकांशी एका मुद्द्यावर सहमत नाही. मोजणी विरोधात गेली तर? आज दोन्ही यंत्रणांत संभ्रम आहे म्हणून तरी आदेश थांबलाय. स्वतःहून रेषा ओढून मागितली आणि २१ घरं केंद्राच्या हद्दीत आली तर त्यांच्या हातात पक्का कागद जाईल. त्यापेक्षा पुनर्वसनाच्या हक्कावर जोर द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सुरतच्या रेल्वेलगतच्या झोपड्यांच्या प्रकरणात घरं काढायची परवानगी दिली, पण सहा महिने दरमहा २००० रुपये द्यायला लावले आणि आवास योजनेत अर्ज घ्यायला सांगितलं.

---

जुना_सर्व्हेअर

तुमची भीती रास्त आहे. पण सहा महिन्यांचे १२,००० रुपये होतात, त्यात या शहरात काय मिळतं? शिवाय मोजणीचा नकाशा इस्टेट ऑफिसरने मागवलाच आहे. मोजणी होणारच, ती फक्त त्यांच्या माणसासमोर व्हायची की तुमच्याही, एवढंच हातात आहे. तरी हा धोका तुमच्या २१ घरांचा आहे. मी बाहेरचा माणूस आहे, निर्णय गल्लीने बसून घ्यावा.

---

दत्ता_साळुंखे_चेंबूर

ताई, त्या ४१ घरांचं काय म्हणणं आहे? ती तुमच्यासोबत आहेत का? विकासकाला ५१ टक्के संमती लागते, ती त्यांच्याकडूनच घेणार ना. संमती अजून दिली नसेल तर तुमच्याही हातात काहीतरी आहे.

---

गल्ली_नंबर_तीन

त्यातल्या २६ घरांनी संमती दिली आहे. काहींनी भाड्याचे धनादेशही घेतले. त्यांना दोष देववत नाही, चाळीस वर्षं वाट बघितलीय त्यांनी. पण माझी सख्खी जाऊ ३८ व्या घरात राहते, तिने सही केलेली नाही. माझ्यासाठी थांबू नकोस असं मी तिला दोनदा सांगितलं.

रविवारी शाखेसमोर बैठक झाली. २१ पैकी १७ घरं संयुक्त मोजणीच्या बाजूची, चार विरोधात. त्या चारांची भीती पाणी_हक्काचं ताईंनी लिहिली तीच आहे. निवेदन सोमवारी दिलं, पोच आहे. ४१२ च्या फेरफाराची नक्कल अजून आलेली नाही. जुनी शीट मिळाली, पण नाल्याची रेषा घडीवर आलीय आणि तिथेच कागद फाटलाय. काका, ही शीट दुसरीकडे कुठे असते का?

---

जुना_सर्व्हेअर

जिल्हा अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या अभिलेख कक्षात बघा. नाही मिळाली तर पालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्या खात्याकडे नाला रुंदीकरणाच्या वेळचा आधीचा नकाशा असायला हवा, कारण काम करण्याआधी जुना काठ आखावाच लागतो. माहिती अधिकाराच्या अर्जात 'रुंदीकरणपूर्व आखणी' असे शब्द घाला. फाटलेल्या शीटचा फोटो इथे टाका, बाजूच्या क्रमांकांच्या रेषांवरून वळण कुठे जातं याचा अंदाज मी काढून बघतो.